डेमो प्लॉटवर विश्वास ठेवण्याआधी चिठ्ठ्या टाकल्या का ते विचारा

उन्हाळ कांदा निघाला की आपल्याकडं दरवर्षी एक खेळ चालतो. रस्त्याच्या कडेला एका वाफ्यावर "आमचं टॉनिक" अशी पाटी, शेजारच्या वाफ्यावर "साधा प्लॉट" अशी पाटी. दोन्हीचं वजन होतं, फोटो निघतो, चहा होतो, आणि निम्मं गाव बाटल्या घेऊन घरी जातं. मी स्पष्ट बोलतो: त्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही. औषध खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते खरं आहे हे सुद्धा त्या दोन वाफ्यांवरून कळत नाही.

का ते माझ्याच रानावर सांगतो. वरचं टोक मुरमाड, खाली नाल्याकडं जावं तसं काळं रान खोल होत जातं. गेल्या हंगामात मी तीन गोष्टी ताडून पाहिल्या. अ म्हणजे नेहमीचा खताचा डोस, ब म्हणजे तोच डोस आणि लागणीआधी गंधक, क म्हणजे तोच डोस आणि बाटलीतलं टॉनिक. उताराला आडवे चार पट्टे पाडले, यालाच ब्लॉक म्हणतात. प्रत्येक पट्ट्यात 3 बाय 2 मीटरचे तीन वाफे. रोप, लागणीची तारीख, पाणी, सगळं सारखं. कडेच्या ओळी वजनात धरल्या नाहीत.

वरून खाली चार पट्ट्यांतली वजनं, किलोत, पूर्णांकात:

अ: 11, 13, 15, 17
ब: 13, 14, 17, 19
क: 11, 14, 14, 17

आता नुसती अ ची ओळ बघा. तेच खत, तेच रोप, तरी वर 11 आणि खाली 17. सहा किलोचा फरक एकट्या जमिनीचा! कोणी साधा वाफा वर घेतला आणि टॉनिकचा खाली, तर सहा किलो टॉनिकच्या नावावर लागले असते. आणि प्रत्यक्षात एकाच पट्ट्यातले अ आणि क शेजारी ठेवून पाहा: फरक 0, 1, वजा 1, 0. सरासरी शून्य. गंधकाचा फरक मात्र 2, 1, 2, 2, म्हणजे सरासरी पावणेदोन किलो.

ब्लॉकचं काम एवढंच. तुलना एकाच पट्ट्यात, सारख्या रानात होते, म्हणून वरच्या-खालच्या जमिनीचा फरक हिशोबातून बाजूला निघतो. ओळखीच्या कृषी पदवीधर पोराकडून सी.डी. काढून घेतला. पट्टे धरून तो 1.1 किलो आला, म्हणून पावणेदोन किलोचा फरक ग्राह्य. तेच आकडे पट्टे न धरता मांडले तर सी.डी. 4.2 किलो, आणि गंधकाचा खरा फरक सुद्धा जमिनीच्या गोंधळात बुडाला असता.

काही जण पट्टे पाडतात, पण उताराच्या दिशेनं उभे. मग एकाच पट्ट्यात मुरूम पण आणि काळी पण. तो ब्लॉक नावालाच. पट्ट्याच्या आत रान सारखं पाहिजे, पट्ट्या-पट्ट्यांत कितीही वेगळं असू द्या.

आता चिठ्ठ्या. माझ्या प्रत्येक पट्ट्याच्या एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला बांधावरच्या लिंबाची सावली. दर वेळी अ, ब, क असाच क्रम ठेवला तर पाटाचं पाणी कायम अ ला आणि सावली कायम क ला. म्हणून प्रत्येक पट्ट्यासाठी नव्यानं चिठ्ठ्या टाकायच्या. जो फरक डोळ्याला दिसतो त्याला पट्टा, जो दिसत नाही त्याला चिठ्ठी. चिठ्ठीनं तो फरक नाहीसा होत नाही, पण तो ठरवून कोणा एकाच्या पदरात पडत नाही. आपल्या हाताचा पक्षपात पण जातो, कारण आवडत्या औषधाला चांगला वाफा द्यायचा मोह सगळ्यांनाच होतो.

काढणीतही हाच नियम. एका दिवसात उरकत नसेल तर एक पट्टा पूर्ण काढा, मग दुसरा. मजुरांच्या दोन टोळ्या असतील तर टोळीला अख्खा पट्टा द्या, नाहीतर अ एका टोळीचा, ब दुसरीचा, आणि फरक खताचा की हाताचा ते कळणार नाही.

हे माझं डोकं नाही. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेतावर फिशर साहेबांनी 1920 च्या दशकात ही पद्धत बसवली. आपल्या पानसे आणि सुखात्मे यांचं पुस्तक 1954 पासून कृषी पदवीधरांच्या हातात आहे. मग पदवी घेतलेला माणूस दोन वाफ्यांचा फोटो दाखवतो, तेव्हा त्याला माहीत नाही असं नाही. आपण विचारत नाही.

माझी चाचणी पण एका रानाची, एका हंगामाची. तुमच्या रानात गंधक एवढंच देईल असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी पाटी लावायला कोणी आलं तर तीनच प्रश्न विचारा: पट्टे किती? उताराला आडवे का? चिठ्ठ्या कोणी टाकल्या? उत्तर आलं नाही तर चहा प्या, बाटली घेऊ नका.