मधल्या पत्र्याचं गणित

सकाळी साडेसात. खांद्यावर लॅपटॉप, एका हातात ओल्या कचऱ्याचा डबा, दुसऱ्या हातात सुक्याचा. इतकी कसरत करून खाली उतरावं, तर घंटागाडीत दोन्ही डबे एकाच ढिगात! डोकं फिरणारच ना? परवा मीही भांडायच्या मूडमध्येच होते. गाडीवरचे दादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, सुक्याचा कप्पा अर्ध्या राऊंडमध्येच फुल्ल होतो. मग टाकायचा कुठं?"

संध्याकाळी घरी येऊन एक्सेल उघडलं आणि एका वॉर्डाचं बजेट मांडायला बसले. गाव घेतलं भिवंडी. 2011 च्या जनगणनेत 7,09,665 लोकसंख्या, दाटीची वस्ती, यंत्रमाग आणि गोडाऊनचं शहर. त्यातला 50 हजार वस्तीचा एक तुकडा. माणशी रोज 400 ग्रॅम कचरा धरला तर झाला 20 टन. त्यातला 10 टन ओला, 8 टन सुका, उरलेली झाडलोटीची माती वेगळ्या गाडीत. आकडे ढोबळ आहेत, पण फंडा तोच राहतो.

आता गंमत बघा. बजेट वजनावर मांडलं जातं आणि गाडी भरते आकारमानाने. भाजीची देठं, भात, सालं दाबून बसतात: एका घनमीटरात साधारण 500 किलो. पुठ्ठे, बाटल्या, चिप्सची पाकिटं नुसती फुगून बसतात: घनमीटरात जेमतेम 100 किलो. म्हणजे 10 टन ओल्याला 20 घनमीटर जागा लागते आणि 8 टन सुक्याला तब्बल 80!

छोट्या टिपरच्या हौद्यात 3 घनमीटर मावतं असं धरू. मधोमध पत्रा ठोकून दोन सारखे कप्पे केले, तर सुक्याच्या वाट्याला दीड घनमीटर येतं. 80 घनमीटर उचलायला 54 फेऱ्या. एका गाडीच्या दिवसाला तीन फेऱ्या धरल्या, तर 18 गाड्या. ओल्याचा कप्पा मात्र प्रत्येक फेरीत पाऊण रिकामा! तोच पत्रा सरकवून ओल्याला एक आणि सुक्याला चार भाग दिले की दोन्ही कप्पे एकदमच भरतात. फेऱ्या 34, गाड्या 12. सहा गाड्या वाचल्या, त्याही एका पत्र्यापायी. आणि समजा वॉर्डाने वजन बघून बाराच गाड्या घेतल्या आणि पत्रा मधोमधच ठेवला, तर? तर आमचे दादा करतात तेच होणार.

माणसांच्या कॉलममध्येही एक घोळ हमखास होतो. गाडीमागे ड्रायव्हर आणि हेल्पर, म्हणजे 24 माणसं. पण साप्ताहिक सुट्टी त्यांनाही हवी ना? रोज 24 जण हजर हवेत तर पटावर 28 लागतात. ते चार बजेटमध्ये नसले की कुणीतरी एकटाच गाडी ओढतो, आणि एकटा माणूस दोन डबे वेगळे ओतत बसत नाही. भिवंडीसारख्या गल्लीबोळांत, जिथे टिपर शिरतच नाही, तिथल्या ढकलगाडीवाल्यांचा खर्च आणखी वेगळा. पगार, पीएफ वगैरे धरून माणशी महिना 25 हजार मांडले तर 28 जणांचे 7 लाख. डिझेल, टायर, दुरुस्तीसाठी गाडीमागे 25 हजार, म्हणजे 3 लाख. झाले 10 लाख आणि खताचा अजून पत्ता नाही.

"पण खत विकून पैसे येतील की!" येतील, पण किती? 10 टन ओल्यातून साधारण दीड महिन्याने दीड ते दोन टन खत निघतं. तीन रुपये किलोने सगळं खपलं तरी दिवसाला सहा हजारांच्या आत, महिन्याला फार तर 1 लाख 80 हजार. तेही माल शुद्ध असेल तर. काचेचा एक तुकडा हाताला लागला की शेतकरी परत येत नाही.

ढीग बिघडलाय हे ओळखणं सोपं आहे. मूठभर घेऊन दाबा. पाणी ठिबकलं तर ढीग फार ओला, आत हवा नाही, लवकरच वास सुटणार. आतून ढीग हाताला चटका देण्याइतका गरम असेल तर काम नीट चाललंय. ओलं जास्त झालं की वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळून ढीग उलटायचा. भिवंडीत इथे मोह होतो यंत्रमागाचा कापूस-कचरा टाकायचा. फुकट आणि मुबलक! पण त्यात बऱ्याचदा पॉलिस्टर असतं आणि ते कुजत नाही. दीड महिन्याने धागे तसेच लोंबतात.

शेवटचा रकाना कॉन्ट्रॅक्टचा. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील तर काट्यावर फक्त वजन मोजलं जातं. मिसळलेला कचराही तितकाच भरतो, वर मातीही चालते. मग पत्रा योग्य जागी ठोकूनही उपयोग शून्य. ओल्याचं आणि सुक्याचं वजन वेगळं घ्यायचं, आणि मिसळलेल्या गाडीचं बिल कापायचं, ही अट टेंडरमध्येच लिहावी लागते. ती लिहायला एक पैसाही लागत नाही, त्यामुळे माझ्या एक्सेलमध्ये तिला रकानाच नव्हता.