तेरा आण्यांची मोड आणि दुप्पट-निमपट

समजा, १९५० सालच्या नागपुरात संत्र्यांचा भाव डझनाला तेरा आणे आहे आणि कुणी चोवीस डझन संत्री घेतली. किती आणे झाले? तेराचा पाढा पाठ नसेल, तरी हा हिशेब होतो. फक्त दुप्पट आणि निमपट करता आली पाहिजे.

डावीकडे तेरा लिहा, उजवीकडे चोवीस. डावीकडचा आकडा निम्मा करत जा आणि उरलेला अर्धा सोडून द्या. उजवीकडचा दुप्पट करत जा. डावीकडे एक आला की थांबा.

१३ — २४
६ — ४८
३ — ९६
१ — १९२

आता डावीकडे सम आकडा असलेली ओळ खोडा. इथे ती फक्त सहाची आहे. उरलेल्या उजव्या आकड्यांची बेरीज करा: २४ + ९६ + १९२ = ३१२. तेरा चोक बावन्न, त्याची सहापट तीनशे बारा; उत्तर बरोबर आहे.

ही रीत मुलांना बहुतेक वेळा गंमत म्हणून दाखवली जाते आणि तिथेच सोडून दिली जाते. मला ते पटत नाही. सम ओळ खोडायची का, आणि सोडून दिलेले अर्धे गेले कुठे, हे कळल्याशिवाय मुलाच्या हाती काहीच लागत नाही. आणि ते समजावण्याचं उत्तम साधन आपल्या आजी-आजोबांच्या कनवटीला होतं. रुपयाचे आणे सोळा. आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली आणि शेवटी आणा. प्रत्येक नाणं खालच्याच्या दुप्पट.

तेरा सुटे आणे घ्या आणि जोड्या लावून मोठ्या नाण्यांत बदला. सहा चवल्या झाल्या, एक आणा उरला. सहा चवल्यांच्या तीन पावल्या झाल्या, चवली एकही उरली नाही. तीन पावल्यांची एक अधेली झाली, एक पावली उरली. अधेलीला जोडीदार नाही, म्हणून तीही उरली. म्हणजे तेरा आणे म्हणजे एक अधेली, एक पावली, एक आणा. चवली नाही. डाव्या स्तंभातले १३, ६, ३, १ हे आकडे याच अदलाबदलीचे आहेत. आकडा विषम असला की त्या जातीचं एक नाणं मागे राहतं; सम असला की काहीच राहत नाही. सोडून दिलेला अर्धा म्हणजे हे मागे राहिलेलं नाणं.

आता उजवीकडे बघा. प्रत्येक डझनाला एक आणा दिला तर २४ आणे, चवली दिली तर ४८, पावली दिली तर ९६, अधेली दिली तर १९२. चवली द्यायचीच नाही, म्हणून ४८ ची ओळ खोडली. बाकीचे मिळून ३१२ आणे, म्हणजे साडेएकोणीस रुपये.

अधेली, पावली, चवली, आणा या क्रमाने, नाणं आहे तिथे एक आणि नाही तिथे शून्य लिहा: ११०१. तेराचं द्विमान रूप हेच. निमपट करत जाणं म्हणजे द्विमान अंक उजवीकडून एकेक करून वाचणं. संगणकाच्या आत गुणाकाराची मूळ रीतही हीच आहे: संख्या एक घर सरकवली की दुप्पट होते, आणि जिथे एक आहे तिथली ओळ बेरजेत घेतली जाते.

इजिप्तच्या आह्मेस या लेखकाने सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी उतरवलेल्या पपायरसात गुणाकार मुख्यतः दुपटीने केले आहेत. तिथे ओळी निवडायला तेराची निमपट करत नाहीत; १, २, ४, ८ मधून तेरा जुळवणाऱ्या ओळी निवडायच्या. आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रात दोनाचा घात काढताना घातांक निम्मा करत जायची आणि विषम आला तर एक वजा करायची रीत आहे. तिथे दुपटीच्या जागी वर्ग येतो, पण डावा स्तंभ तोच.

चूक होते ती ठरावीक जागी. पहिली ओळ विषम असूनही ती बेरजेत घ्यायची राहते, कारण ती नुसती मांडणी वाटते. ताळा करायचा तर बाजू बदला: डावीकडे २४, १२, ६, ३, १ आणि उजवीकडे १३, २६, ५२, १०४, २०८. शेवटच्या दोनच ओळी विषम, आणि १०४ + २०८ पुन्हा ३१२. कागदावर मोठ्या संख्यांना ही रीत लांबते. डावीकडे हजार असेल तर दहा ओळी लागतात. तिथे पाढेच बरे.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि हिशेब सोपा झाला, यात शंका नाही. पण द्विमान शिकवताना शिक्षकांनी फळ्यावर आधी ही चार नाणी काढावीत आणि मुलांना तेरा, अकरा, सात आण्यांची मोड करायला लावावी, असं मला मनापासून वाटतं. एक आणि शून्य त्यानंतर लिहावेत. आण्याचे पैसे चार, म्हणून आण्याच्या खाली पैशापर्यंत हीच दुप्पट चालते. पैशाच्या तीन पै होत, तिथे ती मोडते. ती जागाही मुलांनी शोधून काढावी.