पेज फॉल्ट मराठीत सांगताना

‘ऑपरेटिंग सिस्टिम’ शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या वाचकांची पत्रं या महिन्यात एकत्र ठेवून वाचली. तक्रारी वेगवेगळ्या गावांच्या, पण मूळ एकच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं प्रॅक्टिकलला जवळ येऊन म्हणतात, “सर, जरा सोप्या मराठीत सांगा ना, पण टेक्निकल शब्द इंग्रजीच राहू द्या.” मागणी सरळ आहे, तरी तिचे आपल्याकडे दोन विपर्यास होतात.

पहिला कार्यालयीन. एका वाचकाच्या कॉलेजात विभागाने पारिभाषिक शब्दांची छापील यादी वाटली आणि वर्गात तीच वापरावी अशी सूचना काढली. पेज फॉल्ट झाला ‘पृष्ठदोष’, फ्रेम झाली ‘चौकट’. मुलगा लॅबमध्ये बसतो तेव्हा यातला एकही शब्द त्याला पडद्यावर दिसत नाही, पुस्तकाच्या सूचीत सापडत नाही आणि मुलाखतीत कोणी विचारत नाही. दुसरा विपर्यास आपला, मास्तरांचा. पुस्तकातलं वाक्य उचलायचं आणि शेवटी ‘होतो’ चिकटवायचं: ‘प्रोसेस जेव्हा पेजला रेफर करते आणि ते प्रेझेंट नसतं, तेव्हा ट्रॅप ऑकर होतो आणि कंट्रोल कर्नलला ट्रान्सफर होतो.’ याला आपण मराठीतून शिकवणं म्हणतो!

या वाक्यात अडणारा मुलगा ‘पेज’ किंवा ‘कर्नल’पाशी अडत नाही. ते शब्द त्याला शिकायचेच आहेत. तो अडतो ‘रेफर’, ‘ऑकर’ आणि ‘ट्रान्सफर’पाशी, कारण कोण काय करतं हे त्या क्रियापदांत आहे. म्हणून कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता बदलायचा याची माझी कसोटी पडद्याची आहे. जो शब्द टर्मिनलवर, मॅन पेजवर, एरर मेसेजमध्ये किंवा सोर्स कोडमध्ये भेटणार आहे तो जसाच्या तसा राहील. क्रियापदं आणि ‘जोपर्यंत’, ‘नसेल तर’, ‘किमान’, ‘जास्तीत जास्त’, ‘अनुक्रमे’ असे जोडणारे शब्द मात्र मराठीतच येतील. वाक्याचा सांगाडा आपला हवा.

पेज फॉल्टच घेऊ. दर वर्षी तोंडी परीक्षेत हा विषय माती खातो. “पेज फॉल्ट आला तर प्रोग्रॅम बंद पडतो का?” असं विचारलं की निम्मा वर्ग होकारार्थी मान डोलावतो. ‘फॉल्ट’ म्हटलं की चूक, एवढंच मनात बसलेलं असतं, आणि ‘पृष्ठदोष’ने तो समज पक्का होतो. खरं तर चालू प्रोसेसला सतत पेज फॉल्ट येत असतात, ते निस्तरले जातात आणि तिला पत्ताही लागत नाही.

हे मराठीत असं सांगता येतं. प्रोसेसने एक ॲड्रेस मागितला. तो ज्या पेजमध्ये आहे ते पेज सध्या रॅममध्ये कुठे ठेवलंय, हे एमएमयू आधी टीएलबीत पाहतं, तिथे नसेल तर पेज टेबलमध्ये पाहतं. तिथल्या नोंदीत प्रेझेंट बिट शून्य निघाला, तर सीपीयू हातातली इन्स्ट्रक्शन अर्धवट सोडतो आणि कर्नलला हाक मारतो. x86 वर ही १४ क्रमांकाची एक्सेप्शन, आणि कोणत्या ॲड्रेसमुळे अडलं ते सीपीयू CR2 रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो. आता कर्नल पहिला प्रश्न विचारतो: हा ॲड्रेस या प्रोसेसला दिलेला आहे का? नसेल तर तो प्रोसेसला SIGSEGV पाठवतो, आणि मुलांना पाठ झालेली `Segmentation fault (core dumped)` ही ओळ दिसते. असेल, तर कर्नल पेजची सोय लावतो. पेज आधीच रॅममध्ये असेल किंवा नुसतं कोरं पेज द्यायचं असेल, तर पेज टेबलमध्ये नोंद केली की काम झालं. हा मायनर फॉल्ट. डिस्कवरून आणावं लागलं तर तो मेजर, आणि तोवर प्रोसेस झोपून राहते. सोय लागली की सीपीयू तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा पहिल्यापासून चालवतो.

‘तीच’ या शब्दावर थांबा. सिस्टिम कॉलवरून परतताना पुढच्या इन्स्ट्रक्शनवर जायचं असतं, कारण मागितलेलं काम झालेलं असतं. पेज फॉल्टमध्ये इन्स्ट्रक्शन पुरी झालेलीच नसते. मुलाला कळलंय की नाही हे पाहायचं असेल तर व्याख्या विचारू नका. कर्नलचं काम संपल्यावर सीपीयू कुठून सुरू करतो आणि का, एवढंच विचारा.

इथे मराठीचा एक फायदा आपण वापरतच नाही. इंग्रजी पुस्तकात या परिच्छेदात ‘इट’ चार-पाच वेळा येतं, आणि कुठलं ‘इट’ म्हणजे प्रोसेस, कुठलं पेज, कुठलं कर्नल हे मुलाला अंदाजाने ठरवावं लागतं. मराठीत प्रोसेस ती, पेज ते, कर्नल तो. ‘तो ते आणून देतो आणि ती पुन्हा चालू लागते’ या वाक्यात गोंधळाला जागाच नाही. अट एवढीच, की विभागातल्या सगळ्यांनी लिंग एकच धरावं. एकाच वर्गात सकाळी ‘ती प्रोसेस’ आणि दुपारी ‘तो प्रोसेस’ झाली की हा फायदा गेला. शब्दांची यादी करायचीच हौस असेल, तर विभागाने ही करावी.

नुसतं सांगून मात्र भागत नाही. हा प्रोग्रॅम लिनक्सच्या लॅबमध्ये चालवून दाखवा:

```c
#include <stdlib.h>
int main(void) {
    size_t n = 10000UL * 4096;
    char *p = malloc(n);
    if (!p) return 1;
    for (size_t i = 0; i < n; i += 4096)
        p[i] = 1;
    return 0;
}
```

आधी `getconf PAGE_SIZE` देऊन पेज ४०९६ बाइटचं असल्याची खात्री करा. प्रोग्रॅम ऑप्टिमायझेशनशिवाय कंपाइल करा, नाहीतर कंपायलर आख्खा लूप उडवून टाकू शकतो. मग हे द्या:

```
/usr/bin/time -v ./a.out
```

नुसतं `time -v` लिहिलं तर बॅश स्वतःचं `time` वापरतं आणि `-v` त्याला कळत नाही. पुष्कळ लॅबमध्ये `time` हे पॅकेज टाकलेलंच नसतं, तेव्हा आदल्या दिवशी पाहून ठेवा. आउटपुटमध्ये `Minor (reclaiming a frame) page faults` या ओळीपुढे दहा हजारांहून थोडा मोठा आकडा येईल. आता लूपच्या दोन ओळी काढा, पुन्हा कंपाइल करा आणि चालवा. आकडा शंभराच्या आगेमागे उतरतो. `malloc` दोन्ही वेळा तेवढंच होतं! कर्नलने ॲड्रेस दिले होते, रॅम दिली नव्हती. ज्या पेजला हात लागला त्याचीच सोय लावली, आणि प्रत्येक पेजमागे एक फॉल्ट मोजला. प्रोग्रॅम दोन्ही वेळा सुखरूप संपला, हेही मुलांकडून वदवून घ्या. फॉल्ट म्हणजे चूक नव्हे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

एखाद्या मशीनवर दहा हजारांऐवजी अगदीच थोडे फॉल्ट दिसले तर गोंधळू नका. `/sys/kernel/mm/transparent_hugepage/enabled` ही फाइल पाहा. तिथे `always` निवडलेलं असेल तर कर्नल एका फटक्यात दोन एमबीचं पेज देत असतो. मेजर फॉल्टचा आकडा बहुधा शून्य येईल, कारण प्रोग्रॅमची फाइल नुकतीच कंपाइल होऊन पेज कॅशमध्ये बसलेली असते. मुलं याचं कारण विचारतील. विचारू द्या.

हे सगळं आपल्या हातातलं. आता जे नाही त्याबद्दल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलं, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. त्याआधी २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली होती. कागद झाले. पण आमच्या एका वाचकाच्या कॉलेजात परीक्षा फॉर्मवर माध्यमाचे दोनच चौकोन आहेत, आणि त्यांतला एकच भरायचा. त्यांच्या विद्यार्थिनीने मराठीवर खूण केली आणि उत्तर लिहिलं: वाक्यं मराठी, पेज टेबल, टीएलबी, फ्रेम हे शब्द रोमन लिपीत. परीक्षकांनी त्या शब्दांखाली लाल रेघा मारल्या आणि समासात ‘मिश्र माध्यम’ असा शेरा दिला. आकृती बरोबर, क्रम बरोबर, आणि वर सांगितलेली ‘तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा’ ही मेखही तिने लिहिली होती. चौकशीला गेलेल्या शिक्षकांना उत्तर मिळालं, की मराठी माध्यम म्हणजे पूर्ण मराठी, तसं नको असेल तर इंग्रजी निवडावं.

या कारकुनीला काय म्हणावं? प्रत्येक मराठी कॉम्प्युटर शिक्षक रोज वर्गात मिश्रच बोलतो, विभागप्रमुखही बोलतात, लाल रेघा मारणारे परीक्षकही बोलत असणार. उत्तरपत्रिकेतच तेवढं सोवळं! आणि याच परीक्षकांना इंग्रजी उत्तरपत्रिकेत पुस्तकातला पाठ परिच्छेद ‘इट’सकट उतरलेला दिसला तर ते पूर्ण गुण देतात. तो लिहिणाऱ्याला कोणतं ‘इट’ कोणाचं हे कळलं होतं का, हे कोणी विचारत नाही.

अभ्यास मंडळांवर बसलेल्या वाचकांना थेट सांगतो. नवा आदेश मागू नका, तो येईपर्यंत ही मुलं नोकरीला लागतील. पुढच्या सत्राच्या परीक्षक सूचनापत्रात एक ओळ घाला: पारिभाषिक संज्ञा कोणत्याही लिपीत आणि मूळ इंग्रजी रूपात चालतील, त्यासाठी गुण कापू नयेत. मॉडरेटरच्या बैठकीत ती वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला लावा. नोंद नसेल तर पुढच्या वर्षी तोच वाद पुन्हा.

बाकीच्या वाचकांकडून आम्हाला हस्तलिखितं हवी आहेत. एक विषय, दोन पानं: डेडलॉक, कॉन्टेक्स्ट स्विच, इनोड, सेमाफोर, काहीही. पडद्यावर दिसणारी खरी ओळ किंवा चालणारा छोटा कोड त्यात असलाच पाहिजे. त्याभोवतीची वाक्यं अशी, की तुमच्या वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलीला वाचून दाखवता येतील. पाठवण्याआधी तिला खरंच वाचून दाखवा आणि ती जिथे अडली तिथे समासात खूण करा. खुणा खोडू नका, आम्ही त्या तशाच छापू. पहिला संच पुढच्या अंकात घ्यायचा आहे, म्हणून लिखाण या महिन्याअखेर संपादकीय कार्यालयात पोचावं. वहीच्या पानावर लिहिलेलं चालेल. कोड मात्र स्वतः चालवून पाहिलेला असावा.