चिलरच्या पाच मिनिटांचे मोल

२०१९ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ने २०३७-३८ पर्यंत शीतकरणासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तेव्हापासूनची चर्चा बहुतांशी यंत्रावर किती तारे छापलेले आहेत याभोवतीच फिरते. ते यंत्र कोणत्या तापमानाला सुरू होते, कोणत्या तापमानाला थांबते आणि मध्ये किती वेळ जाऊ देते, हा प्रश्न मात्र यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडला जातो. हे योग्य नाही.

एका मध्यम आकाराच्या इमारतीची रात्र घ्या. उष्णतेचा भार उतरून ३० टनांवर आला आहे (एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट). चिलरचा सर्वांत लहान टप्पा, म्हणजे एक कॉम्प्रेसर, ५० टनांचा आहे. नळ्यांत फिरणारे पाणी ३,००० लिटर. ते ८ अंशांवर गेले की कॉम्प्रेसर सुरू व्हावा आणि ७ अंशांवर आले की थांबावा, एवढाच नियम दिलेला आहे. जास्तीची २० टन क्षमता हे पाणी तीन मिनिटांत एका अंशाने थंड करते. कॉम्प्रेसर थांबला की ३० टनांचा भार दोन मिनिटांत ते पुन्हा तापवतो. पाच मिनिटांचे एक आवर्तन, तासाला बारा वेळा सुरुवात. तापमानाचा आलेख पाहणाऱ्याला यात काहीच खटकत नाही, उलट तो सुबक दिसतो.

झीज होते ती कॉम्प्रेसरच्या आत. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी पूर्ण भाराच्या पाच-सहापट विद्युतप्रवाह ओढते आणि तिची गुंडाळी तापते. ती निवायला थांब्याचा काळ लागतो. शिवाय सुरुवातीला दाब एकदम घसरतो, तेलात विरघळलेले शीतकद्रव्य फेसाळते आणि तेलाचा काही अंश वायूबरोबर बाहेर पडतो. ते तेल फिरून परत येण्यापूर्वीच कॉम्प्रेसर थांबला, तर प्रत्येक फेरीत बेअरिंगच्या वाट्याचे तेल घटत जाते. म्हणून किमान विश्रांती मोटरसाठी आणि किमान चालण्याचा काळ तेलासाठी, अशी ही दोन स्वतंत्र बंधने आहेत.

वरच्याच उदाहरणात विश्रांतीला पाच मिनिटांची किमान मर्यादा घाला. पाणी साडेनऊ अंशांपर्यंत चढेल, त्याला ७ अंशांवर आणायला साडेसात मिनिटे लागतील, आणि तासाला बाराऐवजी जेमतेम पाच सुरुवाती होतील. भिंती, फर्निचर आणि खोल्यांतली हवा हा चढउतार बव्हंशी पचवतात. शस्त्रक्रियागृहासारख्या जागी मात्र तो चालणार नाही. तिथे पाण्याची मोठी टाकी जोडून फिरणारे पाणीच वाढवावे लागते.

किमान चालण्याच्या काळालाही मर्यादा आहे. भार जवळजवळ शून्य असेल, तर ५० टनांचा टप्पा पाच मिनिटांत पाणी ८ अंशांवरून चारच्याही खाली नेईल. गोठण्यापासून बचाव करणारा सुरक्षास्विच अशा वेळी टायमरला न जुमानता यंत्र थांबवतो, आणि तो तसा थांबवू शकलाच पाहिजे. टायमर नेहमीच्या नियंत्रणावर हुकूम चालवू शकतो, सुरक्षेवर नाही.

कूलिंग टॉवरच्या पंख्यांचे दुखणे वेगळे. टॉवर पाण्याला हवेच्या ओल्या बल्बच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. व्यवहारात तीन-चार अंश वरच थांबतो. चेन्नई किंवा कोलकात्याच्या दमट रात्री ते तापमान २७ असताना लक्ष्य २८ ठेवले, तर सर्व पंखे पहाटेपर्यंत पूर्ण वेगाने फिरतात आणि तरीही पाणी ३० च्या आसपासच राहते. लक्ष्य ओल्या बल्बच्या मागोमाग सरकणारे हवे. दिल्लीच्या जानेवारीत उलट खालची मर्यादा लागते, कारण फार थंड पाण्याने कंडेन्सरमधला दाब पडतो आणि शीतकद्रव्याचा व तेलाचा प्रवाह बिघडतो. पंख्यांचा वेग बदलता येत असेल, तर एक पूर्ण वेगाने चालवण्यापेक्षा दोन अर्ध्या वेगाने चालवावेत: वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागत असल्याने तेवढ्याच हवेला सुमारे चौथाई वीज पुरते.

एखाद्या इमारतीत हे नीट बसवले आहे का, हे ओळखायला महागडे उपकरण नको. बहुतेक चिलरच्या पॅनेलवर प्रत्येक कॉम्प्रेसरचे चाललेले तास आणि सुरुवातींची संख्या नोंदलेली असते. ३,००० तास आणि १८,००० सुरुवाती दिसल्या, तर तो दर खेपेला सरासरी दहाच मिनिटे चालला आहे. सार्वजनिक इमारतींच्या निविदांत ताऱ्यांच्या अटीशेजारी या भागाकाराचीही अट असावी, आणि देखभालीची देयके मंजूर करण्यापूर्वी तो आकडा मागितला जावा.