समजून घ्या : जीआर खरा, तरीही चॅटबॉटचं उत्तर चुकीचं का येतं?

समजा, ऑगस्ट २०२४ मध्ये ६२ वर्षांच्या एका महिलेने सरकारी योजनांची माहिती देणाऱ्या चॅटबॉटला विचारलं, 'लाडकी बहीण योजनेचा अर्ज मी भरू शकते का?' चॅटबॉटने सांगितलं, 'नाही, वयोमर्यादा ६० वर्षे आहे.' सोबत शासन निर्णयाचा, म्हणजे जीआरचा, उताराही दिला.

उतारा खरा होता, पण उत्तर चुकीचं होतं.

नेमकं काय घडलं?

महिला व बाल विकास विभागाने या योजनेचा पहिला जीआर २८ जून २०२४ रोजी काढला. त्यात वयाची अट २१ ते ६० वर्षे आणि अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत होती. ३ जुलैला सुधारणेचा दुसरा जीआर आला. वयोमर्यादा ६५ झाली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली आणि पाच एकर शेतीची अट वगळण्यात आली.

असे चॅटबॉट आधी जीआरचे छोटे तुकडे करून साठवतात. प्रश्न आला की अर्थाने जवळचे तुकडे शोधतात आणि त्यावरून उत्तर तयार करतात. अडचण इथेच आहे. दोन्ही जीआरमधली वयाची ओळ जवळपास सारखीच आहे, फरक फक्त ६० आणि ६५ चा. अर्थाच्या शोधाला दोन्ही तुकडे सारखेच जवळचे वाटतात. कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा, हे त्याला कळत नाही.

मग उपाय काय?

प्रत्येक तुकड्याला त्याची ओळख चिकटवायची : विभाग, तारीख, योजनेचं नाव, लागू आहे की बदलला. या नोंदींना मेटाडेटा म्हणतात. शोध सुरू होण्याआधीच त्यावर चाळणी लावली, तर जुना तुकडा स्पर्धेतच उतरत नाही.

'आधीच' हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, चॅटबॉटने आधी सर्वांत जवळचे पाच तुकडे काढले आणि मग चाळणी लावली. ते पाचही जुन्या जीआरचे निघाले, तर हातात काहीच उरत नाही. योग्य तुकडा सहाव्या क्रमांकावर असूनही तो दिसतच नाही.

फक्त वर्ष टाकून भागेल का?

नाही. इथे दोन्ही जीआर २०२४ चे आहेत आणि विभागही एकच आहे. वर्ष आणि विभागाच्या चाळणीतून दोन्ही पार होतात. म्हणून पूर्ण तारीख लागते, आणि कोणत्या जीआरने कोणता बदलला याची नोंदही लागते.

'फक्त सर्वांत नवा घ्या' हाही सोपा मार्ग नाही. ३ जुलैचा जीआर सुधारणेचा आहे, त्यात संपूर्ण योजना नव्याने लिहिलेली नाही. महिन्याला १,५०० रुपये ही मूळ तरतूद पहिल्या जीआरची. पहिला जीआर सरसकट 'रद्द' म्हणून नोंदवला, तर वयाचं उत्तर बरोबर येईल, पण इतर प्रश्नांना आधार उरणार नाही. म्हणून 'बदलला' ही खूण पूर्ण जीआरवर न लावता बदललेल्या कलमाच्या तुकड्यावर लावावी लागते.

चाळणीच चुकली तर?

तारखेचंच उदाहरण घ्या. ३ जुलै ही तारीख कुणी ०३/०७/२०२४ अशी भरली आणि संगणकाने ती अमेरिकी पद्धतीने वाचली, तर ती ७ मार्च होते. मग सुधारणेचा जीआर मूळ जीआरपेक्षा जुना ठरतो आणि चाळणी नेमका योग्य तुकडाच बाहेर काढते. २०२४-०७-०३ असं आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिलं की हा घोळ टळतो.

ही चूक पकडणं कठीण असतं, कारण चॅटबॉट पूर्वीइतक्याच ठामपणे बोलतो. म्हणून बनवणाऱ्यांनी उत्तर माहीत असलेले प्रश्न मुद्दाम विचारून पाहावे लागतात : '६० ची अट कधी बदलली?', '५ जुलैला मुदत काय होती?' आणि चाळणीनंतर काहीच उरलं नाही, तर चॅटबॉटने 'सापडलं नाही' असं सांगावं. गुपचूप चाळणी काढून जुना जीआर समोर ठेवणं सर्वांत घातक.

तुम्ही कसं तपासाल?

चॅटबॉटने जीआर दाखवला तर दोन गोष्टी पाहा : तारीख आणि सांकेतांक. मग gr.maharashtra.gov.in वर विभाग निवडून त्याच योजनेचा नंतरचा जीआर आहे का ते शोधा. शीर्षकात 'सुधारणा', 'मुदतवाढ' किंवा 'शुद्धिपत्रक' दिसलं, तर तोही वाचा.

उत्तरात तारीखच नसेल, तर त्यावर विसंबून अर्ज भरायचं सोडू नका.