सव्वापाच तास कुठे गेले?

अच्छाडला राहणाऱ्या माणसाला अडकून पडण्याचे नवल वाटत नाही. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता आमच्या दारावरून गुजरातेत शिरतो, आणि कोणता ट्रक कुठे, किती वेळ आणि कुणामुळे खोळंबला याच्या कथा चहाच्या टपरीवर फुकट ऐकायला मिळतात. सरहद्दीवर आमचा मोबाईलसुद्धा घटकेत महाराष्ट्राचा, घटकेत गुजरातचा होतो. त्यामुळे कॉलेजच्या ऑफिसातून गेलेला एक ईमेल पाच तास उशिरा पोचला, तेव्हा पहिला संशय आमच्या गावावरच आला, आणि दुसरा आमच्या भाऊसाहेबांवर.

झाले असे. आमच्या एका विद्यार्थिनीचा आर्थिक मदतीचा अर्ज कॉलेजच्या शिफारशीसह एका कार्यालयाकडे पाठवायचा होता. मुदत १८ ऑगस्ट २०२५, संध्याकाळी पाच. मुलगी तलासरीजवळच्या पाड्यावरची. मदत मिळाली तरच पुढचे वर्ष, असा सरळ हिशेब. चारच दिवसांत कार्यालयाचे उत्तर आले : अर्ज रात्री ९ वाजून ३७ मिनिटांनी मिळाला, सबब विचारात घेता येत नाही.

मी तडक ऑफिसात गेलो आणि भाऊसाहेबांना चार शब्द सुनावले. ते म्हणाले, "सर, मी चार वाजून वीस मिनिटांनी पाठवला. पाहा, इथे लिहिलंय." मी पाहिले. पण ती वेळ त्यांच्याच संगणकाच्या घड्याळाने लिहिलेली होती. पत्राच्या डोक्यावर आपण स्वतः घातलेल्या तारखेला पुरावा म्हणून जितकी किंमत, तितकीच तिला.

पुरावा असतो तो शिक्क्यांचा. पूर्वी टपालाच्या पाकिटावर निघाल्या गावचा शिक्का असे आणि पोचल्या गावचाही. दोन्ही पाहिले की पत्राने वाटेत किती दिवस खाल्ले ते समजे. ईमेललाही असे शिक्के असतात. त्यांना `Received` ओळी म्हणतात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर पत्र हाती घेताच आपली एक ओळ आधीच्या ओळींच्या वर चिकटवतो. आधीच्या ओळी खोडू नयेत, त्यांचा क्रम बदलू नये, असा टपाल-व्यवहाराचा नियमच आहे.

मात्र हे शिक्के भाऊसाहेबांच्या प्रतीवर नव्हते. कसे असणार? पाठवणाऱ्याच्या घरी राहिलेल्या कार्बन प्रतीवर टपाल खाते शिक्का मारीत नाही. ते पाहायचे तर पोचलेली प्रत हवी. मी कार्यालयातल्या एका सज्जन अधिकाऱ्यांना विनंती केली. त्यांनी पत्र नुसते फॉरवर्ड केले, तर शिक्के गायब! कारण फॉरवर्ड म्हणजे तोच मजकूर नव्या पाकिटात. शेवटी त्यांनी मूळ ईमेल जोडपत्र म्हणून पाठवला. (ज्यांची पेटी जीमेलची आहे त्यांना पत्राशेजारच्या तीन ठिपक्यांखाली `Show original` म्हणून हे सारे दिसते.) नावे बदलून आणि फापटपसारा गाळून त्या तीन ओळी देतो :

```
Received: from filter.example.net
  by mail.office.example;
  Mon, 18 Aug 2025 21:37:52 +0530
Received: from mail.college.example
  by filter.example.net;
  Mon, 18 Aug 2025 10:51:40 +0000
Received: from [192.0.2.15]
  by mail.college.example;
  Mon, 18 Aug 2025 16:21:07 +0530
```

मी सवयीप्रमाणे वरून खाली वाचू लागलो आणि चक्रावलो. पत्र दुपारी चारला निघाले आणि मधल्या मुक्कामी सकाळी पावणेअकरालाच हजर! पण नवी ओळ वर चढते, म्हणून वाचन खालून वर करायचे. आणि वेळेच्या शेपटाकडे डोळेझाक करायची नाही. `+0530` म्हणजे आपली भारतीय वेळ. `+0000` म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. १०:५१:४० चे झाले १६:२१:४०. आता हिशेब सरळ झाला. कॉलेजच्या सर्व्हरने पत्र घेतले ४ वाजून २१ मिनिटांनी. तेहतीस सेकंदांत ते मधल्या सर्व्हरकडे गेले. तिथून पुढे जायला मात्र लागले पाच तास, सोळा मिनिटे, बारा सेकंद.

भाऊसाहेब सुटले. मी मनातल्या मनात खजील झालो. मग हे तास खाल्ले कुणी?

वरच्या ओळीत रात्रीची वेळ आहे म्हणून वरचा सर्व्हर दोषी, असे चटकन वाटते. ते चूक आहे. शिक्का पत्र हाती आल्यावर पडतो. तेव्हा दोन शिक्क्यांमधला वेळ पत्राने काढला तो खालच्या, म्हणजे आधी शिक्का मारणाऱ्याच्या पदरात. प्रत्येक ओळीत `by` नंतर शिक्का मारणाऱ्याचे नाव असते. आपल्या पत्रापुरते ते नाव होते `filter`. पण पदरात पडून राहिले म्हणजे त्याने दडवून ठेवले असे होत नाही. तो पुढच्या दारावर थापा मारीत असेल आणि दार उघडत नसेल, तरी शिक्के असेच दिसतात. नकाराचा शिक्का नसतो.

म्हणून त्या मधल्या सर्व्हरची नोंदवही मागवली. तिच्यात संध्याकाळभर पुन्हा पुन्हा एकच मजकूर होता :

```
status=deferred (host mail.office.example
  said: 452 4.3.1 Insufficient system storage)
```

कार्यालयाच्या टपालपेटीत जागाच उरली नव्हती! नकाराचा आकडा ५ ने सुरू झाला असता, तर तो कायमचा नकार ठरून पत्र आमच्याकडे परत आले असते, आणि आम्ही पाचच्या आत धावपळ केली असती. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे "आत्ता नाही, पुन्हा या". मग सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि थांबून थांबून पुन्हा जातो. दोन खेपांमधले अंतर वाढत जाऊन ते तासाभराच्या वरही जाऊ शकते. तेव्हा पेटी नेमकी साडेआठला मोकळी झाली की साडेनऊला, हे शिक्क्यांवरून सांगता येत नाही. शेवटची खेप ९:३७ ला फळली, एवढेच खरे.

हे सारे मी कार्यालयाला लिहिले. एका सावध गृहस्थांनी फोनवर शंका काढली, "सर, असल्या ओळी कुणीही लिहू शकतो." शंका रास्त होती. पाठवणारा लबाड असेल तर खालच्या ओळी तो खोट्या रचू शकतो. विश्वास ठेवायचा तो आपल्या माणसाने मारलेल्या शिक्क्यावर. मी विचारले, "हा `filter` कुणाचा?" थोडा वेळ शांतता. मग कळले, की तो त्यांनीच नेमलेल्या कंपनीचा. येणारे सारे टपाल आधी तिथे जाते, त्यातला केरकचरा काढला जातो आणि उरलेले आत पाठवले जाते. म्हणजे ४ वाजून २१ मिनिटांनी पत्र त्यांच्याच देवडीवर येऊन बसले होते, आणि तो शिक्का त्यांच्याच देवडीवाल्याने मारला होता.

आठवड्याने पत्र आले : अर्ज मुदतीत मिळाल्याचे मानण्यात येत आहे. मुलगी पेढे घेऊन आली. मी पेढ्यांची पुडी घेऊन भाऊसाहेबांकडे गेलो, झाल्या बोलण्याबद्दल माफी मागितली आणि तीन ओळींचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो खालून वर वाचला, बोटांवर साडेपाच तास मिळवले आणि म्हणाले, "सर, पाच तासांचं कळलं. पण हे मधले तेहतीस सेकंद माझ्या नावावर का?"

मी सांगितले, की दोन सर्व्हरांची दोन घड्याळे, त्यांच्यात अर्ध्या मिनिटाची तफावत असली तर ती तेवढी वजावट धरायची असते.

"मग वजावट धरा," म्हणाले, आणि दुसरा पेढा उचलला.