आभाराचे कार्ड

वैशाखात आमच्या मुलीचे लग्न माणगावातच झाले. पाहुणे पांगल्यावर मी मोठ्या ऐटीत आभाराची दोनशे कार्डे छापून घेतली. ‘आपल्या उपस्थितीने समारंभास शोभा आली’ असा मजकूर. एक कार्ड शेजारच्या काकूंकडेही गेले.

दुसऱ्या दिवशी काकू सौ.ला एवढेच म्हणाल्या, “अगं, पण मी आलेच नव्हते!”

खरेच की! आमची आई अंथरुणाला खिळलेली. मुहूर्ताच्या वेळी तिच्याजवळ काकू बसून होत्या. ज्यांच्या अनुपस्थितीचे आभार मानायचे, त्यांच्या उपस्थितीचे मी मानले! त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही.

मग आहेराची वही काढली. तीत फक्त नाव आणि वस्तू. तिसरा रकाना मी आखला : ‘वस्तू आता कुठे आहे?’ आणि मागच्या पानांवर, वस्तू न देता राबलेल्यांची नावे. सौ.ने एका बैठकीत एकवीस नावे सांगितली. मला सातच आठवत होती. मग काकूंना हाताने लिहिले :

‘ती. काकूंस शि. सा. न. वि. वि. तुम्ही आईजवळ बसलात, म्हणून आम्हां दोघांना निश्चिंत मनाने कन्यादान करता आले. तुमच्या अक्षता मात्र राहिल्या. तुम्ही भरवलेल्या पेजेची आठवण आई अजून काढते. तुमचा तांब्याचा तांब्या मुलीने पुण्यास नेला आहे; रात्री त्यात पाणी भरून ठेवते. दिवाळीला दोघे येतील, तेव्हा आधी तुमच्या पाया पडायला येतील.’

पाच-सहा ओळी, पण दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाहीत. हीच माझी कसोटी. वरचे नाव झाकून पत्र वाचावे. ते शेजारच्या घरीही चालेल असे वाटले, तर फाडावे.

अडचणी आल्याच. पाकिटातल्या रकमेचा आकडा लिहिणे बरे दिसत नाही. त्या पैशांतून मिक्सर घेतला, तेवढे लिहिले. भिंतीवरची घड्याळे तीन आली. तिसरे कपाटात आहे, मग ‘रोज पाहतो’ असे खोटे कसे लिहावे? ‘मुंबईहून एस.टी.च्या गर्दीत काच फुटू न देता आणलेत,’ असे लिहिले, आणि ते खरे होते. दोन खोक्यांवरच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या. तिथे अंदाज न करता, फक्त ते लोक आदल्या रात्री पंगतीत वाढायला उभे राहिले त्याबद्दल लिहिले. आहेर घेतानाच खोक्यावर आणि वहीत एकच आकडा घातला असता, तर ही वेळ आली नसती.

काकूंनी पत्र वाचून काय म्हटले? काहीच नाही. संध्याकाळी वाटीभर अळूवडी घेऊन आल्या, आणि आईजवळ तासभर बसल्या.

छापील कार्डांपैकी साठ अजून उरली आहेत. मागची बाजू कोरी आहे; वाण्याच्या यादीला बरी पडतात.